उत्तर तयार होतं कधी आणि हाती येतं कधी

प्रोसेसरला लागोपाठ दिलेल्या या दोन आज्ञा पाहा.

```
add x5, x6, x7
sub x8, x5, x9
```

पहिली आज्ञा म्हणते, x6 आणि x7 यांची बेरीज कर आणि ती x5 मध्ये ठेव. दुसरी म्हणते, x5 मधून x9 वजा कर आणि उत्तर x8 मध्ये ठेव. x5, x6 ही रजिस्टरांची नावं आहेत. रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतच असलेली, एक संख्या मावेल एवढी जागा. या आज्ञा ज्या रिस्क-फाइव्ह पद्धतीत लिहिल्या आहेत, तिच्यात अशी ३२ रजिस्टरं असतात.

समजा x6 मध्ये १० आहेत, x7 मध्ये २० आणि x9 मध्ये ५. x5 मध्ये आधीच्या कुठल्या तरी हिशेबातले ३ पडून आहेत. कागदावर सोडवलं तर x5 मध्ये ३० येतील आणि x8 मध्ये २५. पण बहुतेक प्रोसेसरांत पहिली आज्ञा पुरी होण्याआधीच दुसरी सुरू झालेली असते. दुसरीने x5 वाचला त्या क्षणी तिथे ३० पोहोचलेच नसतील, तर तिच्या हाती जुने ३ लागतील आणि उत्तर येईल उणे २. कुठेही बिघाड नाही, प्रोग्राममध्ये चूक नाही, तरी हिशेब चुकला. या धोक्याला डेटा हॅझार्ड म्हणतात. तो टाळण्याचे दोन मार्ग आहेत, थांबणं आणि उत्तर परस्पर पोहोचवणं. दुसरा मार्ग कुठे चालतो आणि कुठे अडतो, ते समजायला आज्ञेचा प्रवास पाहावा लागतो.

पाच टप्पे

पाठ्यपुस्तकांत शिकवली जाणारी आणि पुष्कळ छोट्या प्रोसेसरांत खरोखर वापरली जाणारी रचना पाच टप्प्यांची आहे. पहिला टप्पा फेच, म्हणजे आज्ञा मेमरीतून आणणं. दुसरा डिकोड. यात आज्ञेचा अर्थ लावला जातो आणि तिला लागणारी रजिस्टरं वाचली जातात. तिसरा एक्झिक्यूट, म्हणजे प्रत्यक्ष बेरीज-वजाबाकी. ती करणाऱ्या भागाला एएलयू म्हणतात. चौथा मेमरी, ज्या आज्ञांना मेमरीतून काही आणायचं किंवा तिथे ठेवायचं असतं, त्यांचं काम इथे होतं. पाचवा राइटबॅक, म्हणजे आलेलं उत्तर रजिस्टरमध्ये लिहिणं.

प्रोसेसरचं क्लॉक ठोके देत असतं आणि प्रत्येक ठोक्याला आज्ञा एक टप्पा पुढे सरकते. एका टप्प्याला २०० पिकोसेकंद लागतात असं धरू. (एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोसेकंद.) पाच टप्प्यांना १००० पिकोसेकंद लागतील. पण एक आज्ञा डिकोडमध्ये गेली की फेचचा टप्पा मोकळा होतो, म्हणून लगेच पुढची आज्ञा आत घेतली जाते. पाचही टप्प्यांत एकाच वेळी पाच वेगवेगळ्या आज्ञा असतात आणि दर २०० पिकोसेकंदांनी एक आज्ञा पुरी होऊन बाहेर पडते. हीच पाइपलाइन. एका आज्ञेला लागणारा वेळ कमी झालेला नाही, पण आज्ञा पुऱ्या होण्याचा वेग पाचपट झाला आहे.

आपल्या दोन आज्ञा यात अशा दिसतात.

| ठोका | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ |
|---|---|---|---|---|---|---|
| add | फेच | डिकोड | एक्झिक्यूट | मेमरी | राइटबॅक | |
| sub | | फेच | डिकोड | एक्झिक्यूट | मेमरी | राइटबॅक |

sub आपली रजिस्टरं वाचते तिसऱ्या ठोक्याला. add आपलं उत्तर x5 मध्ये लिहिते पाचव्या ठोक्याला. वाचणारी आज्ञा लिहिणारीच्या दोन ठोके आधी येऊन जाते. ते उणे २ इथूनच येतं.

थांबण्याची किंमत

पहिला मार्ग सरळ आहे. x5 मध्ये उत्तर येईपर्यंत sub ला डिकोडमध्येच थांबवून ठेवायचं. याला स्टॉल म्हणतात. थांबवायचं म्हणजे तीन गोष्टी करायच्या. पुढची आज्ञा कुठून आणायची हे सांगणारा प्रोग्राम काउंटर जागेवर धरून ठेवायचा. फेच आणि डिकोड यांच्या मधल्या कप्प्यात जी आज्ञा आहे, ती तिथेच राहू द्यायची. आणि एक्झिक्यूटकडे या ठोक्याला एक रिकामी आज्ञा पाठवायची, जिचे सगळे नियंत्रण-संकेत शून्य आहेत आणि म्हणून जी कुठेही काही लिहीत नाही. या रिकाम्या आज्ञेला बबल म्हणतात. पाण्यातल्या बुडबुड्यासारखी ती उरलेले टप्पे पार करते आणि निघून जाते.

किती वेळ थांबायचं? रजिस्टरं सहसा अशी बांधलेली असतात की एकाच ठोक्याच्या पहिल्या अर्ध्यात लिहिलं जातं आणि दुसऱ्या अर्ध्यात वाचलं जातं. त्यामुळे add पाचव्या ठोक्याला लिहीत असताना sub त्याच ठोक्याला नवं मूल्य वाचू शकते. म्हणजे तिसऱ्या ठोक्याचं वाचन पाचव्यावर गेलं आणि दोन बबल पडले. रजिस्टरांना ही अर्ध्या-अर्ध्याची सोय नसेल, तर तीन पडतील.

दोन ठोके ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण एक आकडा काढायचा आणि पुढच्याच ओळीत तो वापरायचा, हा प्रोग्रामचा स्वभावच आहे. अशा प्रत्येक जोडीला दोन ठोके मोजायचे ठरवलं, तर पाइपलाइनने मिळवून दिलेल्या वेगातला मोठा हिस्सा वाट पाहण्यातच जाईल.

तव्यावरून थेट ताटात

आता add चा तक्ता पुन्हा नीट पाहू. उत्तर x5 मध्ये लिहिलं जातं पाचव्या ठोक्याला, हे खरं. पण बेरीज होते तिसऱ्या ठोक्याला. तो ठोका संपताना ३० ही संख्या तयार असते आणि एक्झिक्यूट व मेमरी यांच्या मधल्या कप्प्यात जाऊन बसते. चौथा ठोका add च्या दृष्टीने बिनकामाचा आहे, कारण तिला मेमरीत काहीच करायचं नसतं. पाचवा ठोका फक्त नोंद करण्याचा.

sub कडेही तसंच पाहू. ती रजिस्टरं वाचते तिसऱ्या ठोक्याला, पण वाचलेल्या संख्येची खरी गरज तिला चौथ्या ठोक्याच्या सुरुवातीला पडते, एएलयूने वजाबाकी सुरू करताना.

तयार तिसऱ्याच्या शेवटी, गरज चौथ्याच्या सुरुवातीला. म्हणजे वेळ बरोबर जुळते. अडचण एवढीच, की उत्तर आडवाटेच्या कप्प्यात आहे आणि sub ते रजिस्टरमध्ये शोधते आहे. पंगत बसलेली असताना पोळी तव्यावरून उतरवून आधी डब्यात ठेवायची आणि मग डब्यातून वाढायची, असं कुणी करत नाही. ती तव्यावरून थेट ताटात येते. प्रोसेसरही हेच करतो. त्या मधल्या कप्प्यातून एक वेगळी तारांची वाट काढून ती एएलयूच्या तोंडाशी आणलेली असते. या सोयीला फॉरवर्डिंग म्हणतात, बायपासिंग हेही नाव चालतं. बेरीज नेहमीप्रमाणे पाचव्या ठोक्याला x5 मध्ये लिहिली जातेच, पण sub तिच्यासाठी थांबत नाही. बबल शून्य.

यात एक बारकावा आहे. sub तिसऱ्या ठोक्याला डिकोडमध्ये x5 वाचतेच, आणि तिला जुने ३ मिळतातच. ते वाचन कुणी अडवत नाही, कारण त्याची गरज नाही. एएलयूच्या प्रत्येक तोंडाशी एक निवडक असतो, मल्टिप्लेक्सर. रजिस्टरमधून आलेलं मूल्य घ्यायचं की परस्पर आलेलं, हे तो ठरवतो. या वेळी तो ३० आत सोडतो आणि ३ तिथेच टाकून देतो. चुकीचं मूल्य वाचलं गेल्याने काही बिघडत नाही. ते वापरलं गेलं असतं तर बिघडलं असतं.

निवडकाला कसं कळतं? पुढे गेलेली आज्ञा कुठल्या रजिस्टरमध्ये लिहिणार आहे, त्याचा क्रमांक तिच्याबरोबर प्रवास करत असतो. तो क्रमांक एक्झिक्यूटमधल्या आज्ञेला लागणाऱ्या दोन रजिस्टरांच्या क्रमांकांशी ताडून पाहिला जातो. ३२ रजिस्टरं, म्हणजे पाच-पाच बिटांची तुलना. हार्डवेअरला ते हातचं काम आहे. पण फक्त क्रमांक जुळणं पुरेसं नाही, आणि नवशिके डिझायनर चुकतात ते इथेच. पुढची आज्ञा मुळात रजिस्टरमध्ये लिहिणारी आहे का, हे पाहावं लागतं. ती x0 मध्ये लिहीत नाही ना, हेही पाहावं लागतं. रिस्क-फाइव्हमध्ये x0 कायम शून्य असतो. त्यात काहीही लिहिलं तरी तो शून्यच राहतो. x0 मध्ये टाकून द्यायला म्हणून केलेली बेरीज परस्पर पुढे पोहोचली, तर पुढच्या आज्ञेला x0 मध्ये शून्याऐवजी भलतंच काही दिसेल.

तिसरी काळजी घ्यावी लागते ती अशा वेळी.

```
add x5, x5, x6
add x5, x5, x7
add x5, x5, x8
```

तिसरी आज्ञा एक्झिक्यूटमध्ये येते तेव्हा तिच्या पुढे दोन आज्ञा असतात, आणि दोघींच्याही कप्प्यात x5 चं मूल्य असतं. पहिलीचं उत्तर मेमरी आणि राइटबॅकच्या मधल्या कप्प्यात, दुसरीचं त्याच्या मागच्या कप्प्यात. क्रमांक दोन्हींचा जुळतो. अशा वेळी सर्वांत जवळच्या, म्हणजे सर्वांत ताज्या आज्ञेचं मूल्य घ्यायचं, हा नियम हार्डवेअरमध्ये बांधावा लागतो. तो विसरला तर x7 ची भर बेरजेतून गळून पडते.

जिथे परस्पर पोहोचवूनही भागत नाही

आता पहिली आज्ञा बदलू. बेरजेऐवजी मेमरीतून एक संख्या आणणारी लोड आज्ञा घेऊ.

```
lw  x5, 0(x6)
sub x8, x5, x9
```

lw साठीही तिसरा ठोका एक्झिक्यूटचाच असतो, पण त्यात एएलयू काढतो तो मेमरीतला पत्ता. संख्या नव्हे. संख्या येते चौथ्या ठोक्याला, मेमरीच्या टप्प्यात, आणि हाती लागते तो ठोका संपताना. sub ला मात्र ती हवी आहे चौथ्या ठोक्याच्या सुरुवातीला. एक ठोका कमी पडतो. इथे तारांची कितीही वाट काढली तरी उपयोग नाही, कारण जी गोष्ट अजून अस्तित्वातच नाही ती कुठून पोहोचवणार? फॉरवर्डिंग पोहोचण्याचा वेळ वाचवतं, तयार होण्याचा नाही.

म्हणून इथे एक बबल घ्यावाच लागतो.

| ठोका | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ |
|---|---|---|---|---|---|---|---|
| lw | फेच | डिकोड | एक्झिक्यूट | मेमरी | राइटबॅक | | |
| sub | | फेच | डिकोड | थांबा | एक्झिक्यूट | मेमरी | राइटबॅक |

चौथ्या ठोक्याच्या शेवटी आलेली संख्या पाचव्याच्या सुरुवातीला मधल्या कप्प्यातून एएलयूकडे परस्पर जाते. म्हणजे थांबणंही आहे आणि फॉरवर्डिंगही. फॉरवर्डिंग नसतं तर बबल दोन पडले असते. असल्यामुळे एकावर भागलं. दोन्ही उपाय एकमेकांना पर्याय म्हणून शिकवले जातात, पण प्रत्यक्षात ते असे हातात हात घालून चालतात.

हा थांबा ओळखण्याचं काम डिकोडमध्ये होतं. पुढे एक्झिक्यूटमध्ये असलेली आज्ञा लोड आहे का, आणि तिचं रजिस्टर मला लागणार आहे का? दोन्हींची उत्तरं होय असतील, तर मागच्या आज्ञा जागेवर धरून एक बबल पुढे सोडायचा.

आता याच जोडीत sub च्या जागी मेमरीत लिहिणारी स्टोअर आज्ञा ठेवू. एका जागेची संख्या उचलून दुसरीकडे ठेवण्याचं हे रोजचं काम आहे.

```
lw x5, 0(x6)
sw x5, 0(x7)
```

वरवर पाहता प्रसंग तोच दिसतो. लोडचं रजिस्टर लगेच पुढच्या आज्ञेला हवं आहे. पण sw ला एक्झिक्यूटमध्ये लागतो तो फक्त x7, पत्ता काढायला. x5 मधली संख्या तिला लागते मेमरीच्या टप्प्यात, म्हणजे पाचव्या ठोक्याच्या सुरुवातीला. lw ची संख्या चौथ्याच्या शेवटी तयार आहे. वेळ जुळली. मेमरीच्या टप्प्याच्या तोंडाशीही परस्पर येणारी वाट ठेवली असेल, तर इथे एकही बबल लागत नाही. थांब्याची परीक्षा मात्र तेवढी हुशार हवी. लोडचं रजिस्टर दिसलं की थांबायचं, असं सरसकट बांधलेला प्रोसेसर इथे उगाच एक ठोका वाया घालवतो. उत्तर बरोबरच येतं, म्हणून ही उधळपट्टी चाचण्यांत पकडली जात नाही. ठोके मोजले तरच ती दिसते.

क्रम बदलून वाचवलेला ठोका

लोडनंतरचा तो एक ठोका हार्डवेअरला वाचवता येत नसला, तरी बऱ्याचदा कंपायलरला वाचवता येतो. मेमरीत ओळीने ठेवलेल्या संख्यांची बेरीज करणारा हा फेरा पाहा.

```
loop:
  lw   x5, 0(x10)
  add  x6, x6, x5
  addi x10, x10, 4
  bne  x10, x11, loop
```

x10 मध्ये चालू संख्येचा पत्ता आहे, x6 मध्ये बेरीज साठते आहे आणि x11 मध्ये शेवटच्या संख्येच्या लगेच पुढचा पत्ता आहे. add ला x5 लगेच हवा, म्हणून प्रत्येक फेऱ्यात एक बबल. उडी मारण्यात जाणारा वेळ बाजूला ठेवला, तर चार आज्ञांना पाच ठोके लागतात. आता मधल्या दोन ओळींची अदलाबदल करू.

```
loop:
  lw   x5, 0(x10)
  addi x10, x10, 4
  add  x6, x6, x5
  bne  x10, x11, loop
```

lw ने जुना x10 आधीच वापरला आहे, त्यामुळे त्यात ४ मिळवल्याने तिचं काही बिघडत नाही. add चा x10 शी संबंधच नाही. अर्थ तोच राहिला, पण lw आणि add यांच्यामध्ये एक उपयोगी आज्ञा आली. बबलची जागा खऱ्या कामाने भरली आणि फेरा चार ठोक्यांत बसला. हजार संख्यांसाठी ५००० ऐवजी ४००० ठोके. कंपायलर हे काम मुकाट्याने करत असतात. त्यांनी काढलेला कोड वाचताना एखादी ओळ विनाकारण वर सरकल्यासारखी दिसली, तर पुष्कळदा कारण हेच असतं.

एके काळी ही जबाबदारी पूर्णपणे कंपायलरवरच टाकलेली होती. १९८० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन हेनेसी यांच्या गटाने मिप्स प्रोसेसरची रचना केली. हार्डवेअर साधं ठेवायचं म्हणून थांबा ओळखणारी यंत्रणा त्यात घेतलीच नाही. त्यातून पुढे आलेल्या आर२००० या बाजारातल्या चिपमध्येही लोडनंतरच्या लगतच्या आज्ञेत ते रजिस्टर वापरायचं नाही, असा नियमच होता. मध्ये घालायला उपयोगी आज्ञा सापडली नाही, तर कंपायलर काहीही न करणारी `nop` घालत असे. कुणी हाताने कोड लिहिताना नियम मोडला, तर प्रोसेसर तक्रार करत नसे. नव्या मूल्याची खात्री राहत नसे, एवढंच.

ही व्यवस्था टिकली नाही. १९९१ च्या आर४००० मध्ये पाइपलाइन आठ टप्प्यांची झाली, मेमरीचं वाचन एकाहून अधिक ठोक्यांत विभागलं गेलं आणि लोडनंतरचा विलंब एकावरून दोन ठोक्यांवर गेला. जुन्या प्रोग्राममध्ये एकाच ठोक्याची सोय केलेली होती. विलंबाचा आकडा प्रोग्राममध्येच कोरून ठेवला, तर पाइपलाइन बदलली की प्रोग्राम चुकणार. म्हणून मिप्सच्या पुढच्या आवृत्त्यांनी लोडचा थांबा हार्डवेअरकडे दिला. तेव्हापासूनची वाटणी आजही तशीच आहे. उत्तर बरोबर येणं ही हार्डवेअरची जबाबदारी, आणि ते लवकर यावं म्हणून आज्ञांची जुळवाजुळव करणं ही कंपायलरची.

एक ठोका कधी पुरत नाही

वरचा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे. ते म्हणजे मेमरीचं काम एका ठोक्यात होतं. संख्या जवळच्या कॅशमध्ये असेल तरच ते खरं. ती तिथे नसेल आणि मुख्य मेमरीतून आणावी लागली, तर थांबा शंभराहून अधिक ठोक्यांचाही होऊ शकतो. एका ओळीची अदलाबदल तिथे पुरी पडत नाही. आजच्या मोठ्या प्रोसेसरांत साध्या बेरजेचं उत्तर फॉरवर्डिंगमुळे पुढच्याच ठोक्याला वापरता येतं, पण जवळच्या कॅशमधून केलेल्या लोडलाही साधारण चार-पाच ठोके लागतात. म्हणूनच ते प्रोसेसर अडलेल्या आज्ञेला बाजूला ठेवून मागच्या स्वतंत्र आज्ञा आधी उरकतात. क्रमाबाहेर काम करण्याची ही पद्धत आयबीएममध्ये रॉबर्ट टोमासुलो यांनी १९६७ साली मांडली होती.

हे सगळं स्वतः पाहायचं असेल, तर राइप्स नावाचा मोफत सिम्युलेटर आहे. त्यात रिस्क-फाइव्हची पाच टप्प्यांची पाइपलाइन पडद्यावर दिसते आणि ती फॉरवर्डिंगसह, फॉरवर्डिंगशिवाय किंवा फॉरवर्डिंग आणि हॅझार्ड ओळखणारी यंत्रणा दोन्ही काढून टाकून चालवता येते. सुरुवातीच्या दोन आज्ञा तिन्ही प्रकारे चालवून पाहाव्यात. दोन्ही नसलेल्या रचनेत x8 मध्ये उणे २ येतात. थांबा असलेल्या पण फॉरवर्डिंग नसलेल्या रचनेत २५ येतात, पण दोन ठोके जास्त लागतात. दोन्ही असलेल्या रचनेत २५ येतात आणि एकही ठोका वाया जात नाही. मग add च्या जागी lw घालावी. तिथे सगळ्यांत चांगल्या रचनेतही एक बबल उरतो, आणि तो कोणत्या ठोक्याला, कोणत्या टप्प्यात शिरला, हे डोळ्यांनी दिसतं.